मधला पाऊण भाग

आमच्या दुकानाच्या भिंतीवर एक पुठ्ठा लटकवलेला आहे. पनवेलच्या लाइन आळीत, किराणा दुकानाच्या वरच्या माळ्यावर आमचं दुकान. लग्नाचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती, वाढदिवस, काय येईल ते. पुठ्ठ्यावर अवधूतकाकांच्या टपोऱ्या अक्षरात तीन रकाने आहेत: मोबाईल, टीव्ही, नेट. प्रत्येकाखाली आकडे आणि टीव्हीच्या रकान्याखाली लाल स्केचपेनने एक ओळ, ‘अक्षरं मधल्या पाऊण भागात.’

मी कामाला लागले त्या दिवशी तो पुठ्ठा बघून फस्सकन हसले होते. आमचं तोंड म्हणजे काय, गप्प बसवतच नाही.

“काका, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये तयार असतं. नुसतं नाव निवडायचं आणि बटण दाबायचं. पुठ्ठा कसला लावलाय?”

काका चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत, याचाच मला जास्त राग यायचा. सुपारी गालात सरकवून म्हणाले, “सॉफ्टवेअरला काय माहीत, बघणारा कुठे बसलाय?”

काका साठीचे. मोठमोठ्या कॅसेटवर लग्नं शूट करायचे तेव्हापासून या धंद्यात. खांद्यावर कॅमेरा वागवून वागवून त्यांचा उजवा खांदा खाली गेलाय, चालताना एका बाजूला कलल्यासारखे दिसतात. बायको गेली, मुलगा बंगळूरला. माणसाने दुसरं काही केलंच नाही आयुष्यात. पण एक खोड अशी, की व्हिडिओ तयार झाला म्हणजे काम संपलं असं त्यांना कधी वाटायचंच नाही. खरं काम तिथून पुढे. एकच व्हिडिओ, पण तो तीन वेळा काढायचा, आणि काढलेली प्रत्येक फाईल जिथे बघितली जाणार तिथे लावून शेवटपर्यंत बघायची. मोबाईलची मोबाईलवर, टीव्हीची टीव्हीवर. अर्ध्या मिनिटाची जाहिरात असली तरी.

नेटवर चढवायची फाईल मोठी: एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी, सेकंदाला बारा मेगाबिट. “ती साइट आपली फाईल परत दाबते,” काका म्हणायचे, “म्हणून आपण हात सैल सोडून द्यायचं.” मोबाईलवर एकमेकांना पाठवायची उभी, सातशे वीस बाय बाराशे ऐंशी आणि दोनच मेगाबिट, म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम आठ एमबीच्या आत बसतं. मोठी पाठवली तर मधलं ॲपच तिला बेदम दाबतं आणि माणसाच्या तोंडाचे चौकोन करून टाकतं. त्यापेक्षा आपणच बेताने दाबायची. आणि केबलवाल्याला द्यायची ती जुन्या मापाची, सातशे वीस बाय पाचशे शहात्तर, पंचवीस फ्रेम, आठ मेगाबिट. आमच्या प्रितमचं लोकल चॅनेल अजून त्याच मापावर चालतं. पनवेल-उरणच्या गावागावांत दिसतं ते.

आता ती लाल ओळ. पाड्यावर, टपरीवर, गॅरेजमध्ये अजून जुने चौकोनी टीव्ही आहेत. आपलं चित्र आडवं, टीव्ही चौकोनी, त्यामुळे वरखाली काळे पट्टे येतात. लोकांना ते पट्टे आवडत नाहीत. मग ते सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर झूम दाबतात. पट्टे जातात, चित्र काचभर होतं, पण दोन्ही बाजूंचा आठवा-आठवा भाग बाहेर पडतो. म्हणजे उरतो मधला पाऊण. म्हणून केबलसाठी मांडणीच वेगळी करायची, अक्षरं लहान करून मध्ये आणायची.

असला एक डबडा टीव्ही काकांनी दुकानात ठेवला होता, फक्त तपासायला. मागच्या वर्षी मीच तो भंगारवाल्याला देऊन टाकला. “जागा अडवतोय मेला, कोणाकडे आहेत आता असले टीव्ही?” असं वर म्हणाले. काकांनी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि सुपारी कातरायला घेतली. आता वाटतं, निदान ओरडायचं तरी होतं मला.

नोव्हेंबरातला मंगळवार. दुपारी बाराच्या सुमारास एक पोरगेलासा माणूस जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला. पायात स्लीपर, पँटवर सिमेंट.

“इथं टीवीवर फोटो देतात ना? माज्या बापाचा द्यायचा हाय.”

तो अंकुश. डोंगराच्या पायथ्याला वाडीवर राहणारा, बांधकामावर मजुरी करणारा. बाप गोमा, वीटभट्ट्यांवर जन्म गेलेला माणूस. दोन वर्षांपासून त्याचं ध्यान राहत नव्हतं. आईही मजुरीला जायची, दिवसा घरी बघायला कोणी नाही म्हणून अंकुश त्याला बरोबर कामावर न्यायचा. सोमवारी कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात माल उतरवायचं काम होतं. बापाला सावलीत बसवलं, बिडी दिली, आणि तासाभराने बघतो तर जागा रिकामी.

“पोलिसांत दिलीय कंप्लेंट. ते शोधतात. पण त्याला नाव पण सांगता येत नाय. नुसता म्हणतो, घरला जातो.”

काकांनी त्याला आधी पाणी दिलं. फोटो होता तो आधार कार्डावरचा, त्यात कोणीही कोणीही वाटतं. मग अंकुशने मोबाईल काढला. होळीचं आठ सेकंदांचं शूटिंग होतं. गोमा ढोलकीवाल्याशेजारी बसून हसतोय, पुढचे दोन दात नाहीत, डाव्या कानाची पाळी फाटलेली.

“हेच घ्यायचं,” काका म्हणाले. “माणूस ओळखायचा तर हलताना दिसला पाहिजे.”

तासाभरात काम झालं. आधी गोमा हसतोय, मग कान जवळून, मग काळ्या पाटीवर पिवळा नंबर, काकांच्या आवाजात दोनदा वाचलेला. पैशाची गोष्ट काढायला अंकुशने तोंड उघडलं तर काकांनी हातानेच गप्प केलं. प्रितमला फोन लावला, त्यानेही संध्याकाळच्या बातम्यांमध्ये जागा फुकट दिली. काकांनी तीन मांडण्या तयार केल्या. मोबाईलच्या उभ्या फाईलमध्ये खालचा पाचवा भाग मोकळा, कारण तिथे ॲपची स्वतःची अक्षरं येऊन बसतात. नेटच्या आडव्या फाईलमध्ये डावीकडे फोनचं चिन्ह आणि पुढे दहा आकडे, काठापासून काठापर्यंत. आणि केबलची, नंबर आखडून मध्ये घेतलेली.

त्याच रात्री काकांचं पेणला लग्नाचं शूट होतं, हळद आणि लग्न धरून दोन दिवसांचं. बॅग उचलताना म्हणाले, “प्राजक्ता, तिन्ही काढ. केबलची सहाच्या आत पोचव. आणि बघून दे गं.”

“हो काका, जावा तुम्ही. मी काय कुकुलं बाळ आहे का?”

मोबाईलची काढली, अंकुशच्या फोनवर लावून बघितली. छान. नेटची काढली, चढवली. मग केबलची मांडणी उघडली, आणि अंकुश माझ्या खुर्चीमागून वाकला.

“ताई, ह्यात नंबर बारीक का?”

“केबलला असाच द्यायचा असतो.”

“आमच्या लोकांना लांबून दिसत नाय ओ. अगोदरच्या सारका मोठा ठेवा ना.”

त्याचा आवाज असा होता की माझं काळीज हललं. आणि मला त्याचं पटलंही, खोटं कशाला बोलू? मोठा मॉनिटर समोर, त्यावर नेटचा भलामोठा पिवळा नंबर ठसठशीत दिसत होता. त्यापुढे केबलचा अगदी बापुडवाणा. मनात म्हटलं, काका अजून कॅसेटच्या जमान्यात आहेत. एका पोराचा जीव टांगणीला लागलाय आणि इथे कोणा एका डबड्या टीव्हीसाठी अक्षरं बारीक करायची? मी नेटचीच मांडणी घेतली आणि ती केबलच्या मापात काढली. माप बरोबर, फ्रेम बरोबर, आठ मेगाबिट बरोबर. प्रितमच्या ऑफिसात एकही आकडा कोणाला चुकीचा दिसला नसता. फाईल मॉनिटरवर लावून बघितली. टीव्हीवर बघायला दुकानात टीव्ही होता कुठे!

अंकुश म्हणाला, “आता बेस्ट झाला.” पावणेसहाला फाईल पोचवली.

मंगळवारी रात्री आणि बुधवारी दिवसभर जाहिरात चालली. फोनही आले. कोणी खोपोलीत बघितला, कोणी ठाण्याला. अंकुश सगळीकडे धावला आणि हात हलवत परत आला. फोन येत होते म्हणून कोणाला शंकाच आली नाही. मोबाईलवरून, नेटवरून येत होते ते सगळे. केबलवरून एकही येत नव्हता, हे विचारायचं माझ्या टाळक्यात आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास काका पेणहून आले आणि दाढीला खालच्या सलूनमध्ये शिरले. तिथे आरशाच्या वर जुना टीव्ही आहे. अर्धी दाढी झालेली, एका गालावर साबण, असे ते जिना चढून वर आले. त्यांना धापा टाकताना मी पहिल्यांदा बघितलं.

“प्राजक्ता, शेवटचा आकडा कुठाय?”

मला कळेना.

“नंबरातला शेवटचा आकडा. खाली नऊच दिसतायत. फोनचं चिन्ह गेलं, नऊ आकडे आले आणि दहावा बाहेर. कुठली मांडणी दिलीस तू?”

मी नुसतं मॉनिटरकडे बोट दाखवलं. काका गालावरचा साबण तसाच ठेवून माझ्या शेजारी बसले, केबलची मांडणी उघडली, फाईल काढली आणि ती घेऊन स्वतः खाली सलूनमध्ये गेले. त्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागत नव्हता, म्हणून ती प्रितमला पाठवली, फोन करून ताबडतोब एकदा चालवायला सांगितली आणि सलूनमध्ये उभं राहून बघितली. दहाही आकडे होते. तेव्हा सहा वाजले होते.

सहा वाजून दहा मिनिटांनी अंकुशचा फोन वाजला.

उरणच्या वाटेवरच्या जासईहून. कंटेनरच्या गोदामांच्या रस्त्याला आनंदा नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. बोलणारा तोच.

“त्या म्हाताऱ्याचे तुमीच काय? अहो, दोन दिस माज्याकडंच होता. आज फाटेला उठून गेला.”

अंकुश धावतच दुकानात आला आणि काका, तो आणि मी रिक्षाने निघालो. रस्ताभर ट्रेलरची रांग, धूळ, आणि आमच्यातला कोणी कोणाकडे बघत नव्हता. अंकुश सारखा म्हणत होता, “लांब नाय गेला असणार. पाय दुखतात त्याचे.”

आनंदाची टपरी म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. फळीवर चौकोनी टीव्ही, आवाज कधीचा गेलेला. म्हणजे काकांनी नंबर दोनदा वाचला होता त्याचाही उपयोग नव्हता. आनंदाकडे साधा बटणांचा फोन, व्हिडिओ बघायचा तर हा टीव्हीच. त्याने बिस्किटाच्या खोक्याचा एक तुकडा पुढे केला. त्यावर पेनाने नऊ आकडे लिहिले होते आणि पुढे एक रेघ, रिकामी.

“मंगळवारी राती आला तो. कुठल्यातरी गाडीतनं उतरला असंल. चा पाजला, भात दिला. बुदवारी टीवीवर बघतो तर ह्योच हसतोय! कान पण तोच. मी नंबर लिवून घेतला. नऊच आकडे. परत लागली झायरात, परत नऊच. मंग मी पुढं शून्य लावून बघितला, एक लावला, दोन लावला. चारापर्यंत लावला. कोण शिव्या देतो, कोण हिंदीत बोलतो. चारावर एक बाई अशी वरडली का मी फोनच ठेवला. म्हटलं, सकाळी पोलिसांत नेऊन सोडतो. सकाळी उठलो तर नाय.”

अंकुशचा नंबर सातवर संपतो.

आनंदा माझ्याकडे बघून म्हणाला, “अजून तीनच लावले असते ना ओ ताई.” आणि तो रडायलाच लागला, पन्नाशीचा बाप्या. ज्याने दोन दिवस खायला घातलं तोच माफी मागत होता.

तेव्हा काका अंकुशकडे वळले. म्हणाले, “अंकुश, हा नंबर माझ्यामुळे तुटला. टीव्हीसाठी वेगळी फाईल द्यायची असते. ती माझ्या दुकानातून चुकीची गेली. माझी चूक आहे.” दोन्ही हात जोडले त्यांनी, तो खाली गेलेला खांदा आणखी खाली गेला.

मी बाजूलाच उभी होते. एक पाऊल पुढे टाकायचं आणि ‘काका नव्हे, मी’ एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. लाज वाटते लिहायला, पण नाही म्हटलं.

गोमा शुक्रवारी सकाळी सापडला, उरणला मोरा बंदराच्या धक्क्यावर. लाँचची वाट बघत लोक बसतात त्या शेडमध्ये, खांबाला पाठ टेकून. मासळीवाल्या बायकांना वाटलं झोपलाय. एकीने चहासाठी हलवलं तेव्हा कळलं. जासईवरून एवढं अंतर तो चालतच गेला असणार. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं. खिशात आनंदाने दिलेला बिस्किटांचा पुडा होता, न फोडलेला.

त्यानंतर आठवडाभर काका दुकानात येऊन नुसते बसायचे. एके दिवशी रिक्षातून एक टीव्ही उतरवला, आनंदाचाच. बदल्यात त्याला आपल्या घरचा चांगला टीव्ही देऊन आले होते. त्याच रिकाम्या कोपऱ्यात ठेवला, पडद्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली, कुठून तरी सिग्नल बदलणारी एक डबी आणून तो कॉम्प्युटरला जोडला आणि झूम दाबून ठेवला.

“काका, मला बोला ना काहीतरी,” मी शेवटी म्हणाले. “शिव्या घाला. हाकलून तरी द्या.”

“तुला हाकलून काय करू?” ते म्हणाले. “मी दारातून निघताना बघून दे म्हणालो. कशावर बघणार होतीस तू? टीव्ही गेला तेव्हाच मी दुसरा आणायला हवा होता. कंटाळा केला.”

मग मी रडले. भरपूर रडले. ते सुपारी कातरत बसले होते.

अकराव्या दिवशी अंकुश आला. डोकं भादरलेलं. उद्या बाराव्याला लोकांना मोबाईलवर लावायला बापाचा व्हिडिओ हवा होता, आणि प्रितम चॅनेलवरही एकदा दाखवतो म्हणाला होता. काका बाहेर गेले होते. मी होळीचं तेच आठ सेकंदांचं शूटिंग उघडलं. गोमा हसायला लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

मला राहवेना. स्क्रीनकडे बघूनच म्हणाले, “अंकुश, ती चूक काकांची नव्हती. ती फाईल मी दिली होती. काकांनी बरोबर करून ठेवलं होतं, मी बदललं.”

“म्हाईत हाय,” तो म्हणाला.

मी मागे वळून बघितलं.

“मी इथंच हुबा होतो ना ताई. मोठा ठेवा, असं मीच बोललो.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “जासईला काका हात जोडत होते तवा माज्या तोंडातनं शब्द निघाला नाय. घरी पण कोणाला नाय सांगितला. आईला वाटतं केबलवाल्याचं चुकलं.”

ज्याचा बाप गेला तोही माझ्यासारखाच तोंड मिटून दहा दिवस फिरत होता. “अरे, तुला कुठे माहीत होतं? मला माहीत होतं. भिंतीवर लिहिलंय माझ्यासमोर,” मी म्हणाले. पण तो ऐकत होता असं वाटलं नाही.

मी कामाला लागले. मोबाईलची उभी फाईल, दोन मेगाबिट. केबलची वेगळी मांडणी, नाव मधल्या पाऊण भागात: गोमा. जन्मतारीख त्यांच्याकडे कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून नुसतं नाव. फाईल काढली आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर लावली. हसणारा गोमा काचभर झाला, फाटलेला कान दिसला, नाव पूर्ण दिसलं. शेवटपर्यंत बघितलं. नावाखाली काळी पाटी रिकामी राहिली होती. आमच्याकडच्या श्रद्धांजलीत तिथे घरच्यांचा नंबर असतो, भेटायला येणाऱ्यांसाठी. सवयीने मी विचारलं, “खाली तुझा नंबर टाकू ना रे?”

अंकुश टीव्हीकडेच बघत होता. टीव्हीजवळ जाऊन त्याने त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं, उजव्या काठाला, जिथे त्या जाहिरातीत सात यायला हवा होता.

“नको ताई,” तो म्हणाला. “आता कोण फोन करणार हाय?”